एकाच दुकानाचा हिशेब, दर पायरीला नवी अट: अ‍ॅरे आणि स्ट्रिंगचा चढता सराव

प्रश्न: सर, मी सोलापूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या सेमिस्टरला कॅम्पस सुरू होईल. अ‍ॅरे-स्ट्रिंगचे प्रश्न रोज सोडवतो, उत्तर वाचलं की समजतं, पण प्रश्न जरा फिरवून आला की सुचत नाही. सोप्याकडून अवघडाकडे नेणारा, क्रमाने लावलेला सराव द्याल का? सी प्लस प्लस वापरतो.

उत्तर:

शंभर सुटे प्रश्न देत नाही. एकाच दुकानाचा हिशेब देतो आणि दर पायरीला त्यातली एक अट बदलतो. समोर बसून मुलाखत घेणारेही बहुतेक वेळा हेच करतात. पहिला प्रश्न ओळखीचा विचारतात, तुम्ही कोड लिहिता, आणि मग येतं, "बरं, आता यात ऋण संख्या आल्या तर?" पाठ केलेलं उत्तर तिथे संपतं. म्हणून प्रत्येक सरावात कोडसोबत आणखी एक गोष्ट लिहायची: हा कोड कोणत्या अटीवर उभा आहे, ते एका वाक्यात. ते वाक्य जमलं नाही तर कोड चालला तरी पुढच्या पायरीवर जाऊ नकोस.

दुकान समज नवी पेठेतलं, चादरी आणि टॉवेलचं. `a[i]` म्हणजे त्या दिवशी विकल्या गेलेल्या चादरी. स्ट्रिंगचे प्रश्न मध्येमध्ये येतील, कारण स्ट्रिंग हाही अक्षरांचा अ‍ॅरेच आहे आणि युक्त्या त्याच आहेत. प्रत्येक सराव आधी वहीत, छोट्या उदाहरणावर हाताने चालवायचा आणि मगच टाइप करायचा.

पहिली पायरी: एक फेरी

सराव १. सर्वाधिक विक्री आणि त्याखालोखालची वेगळी विक्री एकाच फेरीत काढ. सॉर्ट करायचं नाही. हा प्रश्न सोपा म्हणून मुलं पटकन लिहितात आणि `[7,7,7]` वर चुकतात, कारण तिथे दुसरा आकडाच नाही आणि तसं सांगण्याची सोय कोडमध्ये केलेली नसते. दुसरी चाचणी `[-4,-9]`. सुरुवातीचं मूल्य शून्य धरलं असेल तर उत्तर शून्य येईल, जे अ‍ॅरेत कुठेच नाही. ही दोन उदाहरणं पार पडली की या पायरीवर थांबायचं कारण नाही.

दुसरी पायरी: वाचणारा आणि लिहिणारा

सराव २. सुट्टीच्या दिवसांचे शून्य शेवटी ढकल. बाकी आकड्यांचा क्रम तोच ठेव आणि दुसरा अ‍ॅरे घेऊ नकोस. दोन इंडेक्स लागतात. `r` प्रत्येक घर वाचत जातो आणि `w` पुढची लिहायची जागा दाखवतो. `[0,5,0,3,8]` वर फक्त शून्येतर आकडे पुढे ओढून झाल्यावर अ‍ॅरे कसा दिसतो, ते न चालवता सांग. तो `[5,3,8,3,8]` असा दिसतो आणि `w` ची किंमत ३ असते. मागचे ३ आणि ८ म्हणजे जुना माल, त्यावर शून्य भरले की `[5,3,8,0,0]`. मधली अवस्था पाहून तू दचकलास तर या पायरीची मुख्य गोष्ट अजून हाताला लागलेली नाही: `w` च्या डावीकडचं सगळं अंतिम असतं, उजवीकडच्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

सराव ३. `"aaab"` चं `"a3b"` कर, त्याच स्ट्रिंगमध्ये. एकटं अक्षर असेल तर आकडा लिहायचा नाही. हे जमलं की अट बदल: एकट्या अक्षरापुढेही १ लिहायचा. आता `"abc"` चं `"a1b1c1"` व्हायला हवं. जुना कोड मोडतो, कारण `a` नंतर १ लिहिताना न वाचलेल्या `b` वर घाला पडतो. ही पद्धत ज्यावर उभी आहे ते वाक्य असं: लिहिणारा वाचणाऱ्याच्या पुढे कधीच जात नाही. पहिल्या प्रकारात ते टिकतं, कारण दोन किंवा जास्त अक्षरांच्या गटाला अक्षर आणि आकडा मिळून गटापेक्षा जास्त जागा कधीच लागत नाही. दुसऱ्यात टिकत नाही. मग आधी जुन्या कोडनेच मोठे गट आखडून घ्यायचे, आणि नंतर लागणारी लांबी मोजून, स्ट्रिंग वाढवून, एकट्या अक्षरांचे १ मागून पुढे येत लिहावे लागतात.

तिसरी पायरी: दोन टोकं

सराव ४. विरामचिन्हं आणि लहान-मोठी लिपी सोडून स्ट्रिंग उलटसुलट सारखी आहे का ते पाहा. चाचणीला `"Kadak"`, `"Saras, saras!"`, रिकामी स्ट्रिंग आणि `",,,"` घे. शेवटच्या उदाहरणात चिन्हं ओलांडणाऱ्या आतल्या लूपमध्ये `l < r` ची तपासणी विसरली असेल तर इंडेक्स बाहेर जातो. आणि `s.size()` हा ऋण न होणारा प्रकार असल्यामुळे रिकाम्या स्ट्रिंगवर `s.size() - 1` म्हणजे उणे एक न येता एक प्रचंड संख्या येते. `(int)s.size() - 1` लिहायची सवय लावून घे.

सराव ५. किमती चढत्या क्रमाने आहेत: `[120,150,180,240,300,350]`. बरोबर ४८० रुपयांची जोडी शोध. १२० आणि ३५० मिळून ४७०, कमी पडले, म्हणून १२० सोडायचा. १५० आणि ३५० मिळून ५००, जास्त झाले, ३५० सोडायचा. १५० आणि ३०० मिळून ४५०, १५० सोडायचा. १८० आणि ३००, सापडली.

कोड दहा ओळींचा आहे, पण १२० कायमचा का सोडता येतो याचं उत्तर तोंडी देता आलं पाहिजे. १२० ला उरलेल्यांतला सर्वांत मोठा जोडीदार दिला, तरी बेरीज कमी पडली. मग बाकी कोणाबरोबर ती पुरी पडणार नाही. हे कारण किमती क्रमाने आहेत यावर उभं आहे. क्रम नसेल आणि मूळ जागाही सांगायच्या असतील, तर नुसतं सॉर्ट केल्यावर जागा हरवतात. तिथे आकड्यासोबत त्याची जागा बाळगावी लागते किंवा हॅश मॅप घ्यावा लागतो.

चौथी पायरी: ठरलेल्या रुंदीची खिडकी

सराव ६. सलग तीन दिवसांची सर्वाधिक एकूण विक्री काढ.

```
a = [4, 2, 7, 1, 3, 6, 2],  k = 3
```

प्रत्येक वेळी तीन आकडे नव्याने मिळवायचे नाहीत. खिडकी एक घर सरकली की नवा आकडा मिळवायचा आणि मागचा वजा करायचा. बेरजा येतात १३, १०, ११, १०, ११. उत्तर १३. हा डेटा मुद्दाम असा घेतला आहे. बरेच जण पहिली खिडकी तयार करतात, लूप सुरू करतात आणि तुलना फक्त सरकल्यानंतर करतात. त्यांचं उत्तर ११ येतं. `k` हा अ‍ॅरेच्या लांबीपेक्षा मोठा असेल तर काय परत द्यायचं, हे समोरच्याला आधी विचारून घ्यायचं.

सराव ७. `"solapal"` मध्ये `"lap"` ची अक्षरं कोणत्याही क्रमाने सलग कुठे येतात? हीच तीन घरांची खिडकी आहे, फक्त बेरजेऐवजी २६ अक्षरांची मोजणी ठेवायची. उत्तर इंडेक्स २ आणि ४. मधली `"apa"` फसवी आहे. नुसती "हे अक्षर आहे का" अशी खूण ठेवणारा त्यात `a` दोनदा आला हे पाहत नाही, आणि तपासणी कशी लिहिली आहे त्यावर ती चुकून मोजली जाऊ शकते. मोजणीच ठेव.

पाचवी पायरी: लांबी बदलणारी खिडकी

इथे जरा रेंगाळ. ही पायरी नीट कळली नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

सराव ८. दुकानात एकूण `K` चादरींचा साठा आहे. ज्यांची एकूण विक्री `K` पेक्षा जास्त होत नाही, असे जास्तीत जास्त सलग दिवस किती? वरचाच अ‍ॅरे, `K` म्हणजे १२.

```cpp
int l = 0, best = 0;
long long sum = 0;
for (int r = 0; r < n; r++) {
    sum += a[r];
    while (sum > K) sum -= a[l++];
    best = max(best, r - l + 1);
}
```

हाताने चालव. ४, मग ६, मग ७ आल्यावर १३ झाले, जास्त झाले, म्हणून डावीकडचे ४ गेले आणि ९ उरले. १ आला, १०, लांबी तीन. ३ आला, १३, डावीकडचे २ गेले, ११, लांबी तीनच. ६ आला, १७, डावीकडचे ७ गेले, १०, अजून तीनच. शेवटी २ आला, १२, लांबी चार. उत्तर चार, म्हणजे १, ३, ६, २ हे दिवस.

आता तीन प्रश्न स्वतःला विचार आणि उत्तरं मोठ्याने बोलून दाखव. पहिला: लूपच्या आत लूप आहे, मग याचा वेळ O(n²) का नाही? कारण `l` फक्त पुढे जातो. सगळ्या फेऱ्या मिळून तो फार तर n पावलं टाकतो, `r` ही n पावलं टाकतो, एकूण 2n. आतला लूप एका फेरीत किती वेळा फिरेल हे मोजत बसलास की गोंधळ होतो, `l` चा पूर्ण प्रवास मोजायचा. हा फरक कागदावरचा नाही. n एक लाख असेल तर सगळ्या जोड्या तपासायला सुमारे ५०० कोटी पावलं लागतात. ऑनलाइन टेस्टमध्ये ढोबळमानाने सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया धरायच्या, म्हणजे तो कोड वेळेत बसणार नाही. 2n म्हणजे दोन लाख, ते चुटकीसरशी होतं.

दुसरा: `sum` ला `long long` का? एक लाख घरं आणि प्रत्येक घरात एक लाखापर्यंतचा आकडा असेल, तर बेरीज १,००० कोटीपर्यंत जाऊ शकते. `int` साधारण २१४ कोटींवर संपतो. या खिडकीत बेरीज `K` च्या आसपासच राहते, पण `K` मोठा असला की तीही फुगते. छोट्या चाचण्यांत हे कधीच दिसत नाही, लपवलेल्या मोठ्या चाचण्यांत कोड पडतो आणि कारण कळत नाही.

तिसरा प्रश्न खरा आहे: `l` मागे कधीच का न्यावा लागत नाही? प्रत्येक `r` साठी आपण सर्वांत डावीकडचा असा `l` धरतो की बेरीज `K` च्या आत राहील. `r` एक घर पुढे गेला की बेरीज वाढते किंवा तेवढीच राहते. जो `l` आधीच परवडत नव्हता, तो आता परवडण्याचा प्रश्नच नाही. "वाढते किंवा तेवढीच राहते" हे फक्त आकडे ऋण नसतील तरच खरं आहे. सराव ८ ज्या अटीवर उभा आहे ती हीच. ती वहीत मोठ्या अक्षरात लिही.

जाता जाता: `K` च ऋण दिला तर रिकाम्या खिडकीची शून्य बेरीजही `K` पेक्षा जास्त ठरते आणि `l` अ‍ॅरेबाहेर धावतो. लूपआधी एक तपासणी पुरते.

सराव ९. एकही अक्षर पुन्हा न येणारा सर्वांत लांब सलग तुकडा शोध. खिडकी तीच, बेरजेऐवजी "कोणतं अक्षर शेवटचं कुठे दिसलं" हे ठेवायचं, म्हणजे `l` एका उडीत पुढे नेता येतो. इथे एक नेहमीची चूक आहे आणि ती पकडणारी चाचणी चार अक्षरांची आहे: `"abba"`. दुसरा `b` आला की `l` दोनवर जातो. मग शेवटचा `a` येतो. तो शेवटचा शून्यावर दिसला होता, म्हणून `l = last[c] + 1` लिहिणाऱ्याचा `l` दोनवरून एकवर, म्हणजे मागे येतो. लांबी तीन सापडते, खरं उत्तर दोन आहे. दुरुस्ती अशी:

```cpp
l = max(l, last[c] + 1);
```

आत्ताच आपण `l` मागे जात नाही असं म्हटलं होतं. ते वाक्य ज्याच्या डोक्यात पक्कं आहे, त्याच्याकडून हा `max` आपोआप लिहिला जातो. `last` ची सुरुवातीची मूल्यं -१ ठेवायची.

सहावी पायरी: परत आलेला माल

आता दुकानात एकच बदल. गिऱ्हाइकं चादरी परतही करतात. `a[i]` म्हणजे त्या दिवशीची विक्री वजा परत आलेला माल, त्यामुळे काही दिवस ऋण असतील.

सराव १०. सराव ८ चाच कोड चुकेल असा शक्य तितका छोटा अ‍ॅरे शोध. हे करेपर्यंत पुढे वाचू नकोस.

माझा अ‍ॅरे `[4,3,-6,1]`, `K` म्हणजे ५. कोड चालव: ४, लांबी एक. ३ आले, ७ झाले, ४ गेले, उरले ३. -६ आले, -३, लांबी दोन. १ आला, -२, लांबी तीन. कोड तीन सांगतो. पण चारही दिवसांची बेरीज २ आहे, ती पाचच्या आत आहे, म्हणजे खरं उत्तर चार. कोडने ४ ला बाहेर काढलं तेव्हा पुढे -६ येऊन तो परवडणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. एकदा बाहेर गेलेला दिवस परत घ्यायची सोयच या पद्धतीत नाही.

असे अ‍ॅरे डोक्याने सापडत नसतील तर मशीनकडून शोधून घे. दोन लूपचा साधा, हळू पण खात्रीचा कोड लिही:

```cpp
int brute(const vector<int>& a, long long K) {
    int n = a.size(), best = 0;
    for (int i = 0; i < n; i++) {
        long long s = 0;
        for (int j = i; j < n; j++) {
            s += a[j];
            if (s <= K) best = max(best, j - i + 1);
        }
    }
    return best;
}
```

मग एक ते सहा लांबीचे, -५ ते ५ मधल्या आकड्यांचे रँडम अ‍ॅरे तयार कर, दोन्ही कोडना दे आणि उत्तरं जुळली नाहीत की तो अ‍ॅरे छापून थांब. लांबी आणि आकडे छोटेच ठेवायचे, म्हणजे सापडलेली चूक हाताने चालवता येते. घरी सराव करताना पाचव्या पायरीपासून पुढचा प्रत्येक कोड असा ताडून पाहा. वेबसाइटवर "चुकीचं उत्तर" एवढंच कळतं, इथे नेमका कुठे चुकलास ते दिसतं.

मग ऋण आकड्यांचं करायचं काय? "K च्या आत" हा प्रश्न ऋण आकड्यांसह बराच अवघड होतो, तो तूर्त बाजूला ठेव. "बरोबर K" हा प्रश्न मात्र सुटतो, आणि मुलाखतीत तोच जास्त भेटतो.

सराव ११. ज्यांची बेरीज बरोबर `K` आहे असे सलग तुकडे किती? `[3,-1,2,-2,4]`, `K` म्हणजे ४.

खिडकी विसर. दर दिवसाअखेर आतापर्यंतची एकूण बेरीज लिही. सुरुवातीला, म्हणजे एकही दिवस जाण्याआधी, शून्य.

```
0, 3, 2, 4, 2, 6
```

कोणत्याही सलग तुकड्याची बेरीज म्हणजे या ओळीतल्या दोन आकड्यांची वजाबाकी. म्हणून आज एकूण `p` असेल, तर प्रश्न एवढाच उरतो: `p - K` हा आकडा आधी किती वेळा दिसला होता? ४ आला तेव्हा ० हवा होता, तो एकदा दिसला. ६ आला तेव्हा २ हवा होता, तो दोनदा दिसला. एकूण तीन तुकडे: पहिले तीन दिवस, शेवटचे तीन दिवस आणि शेवटचा एकटा दिवस. ताडून पाहा.

```cpp
unordered_map<long long, int> seen;
seen[0] = 1;
long long p = 0, cnt = 0;
for (int x : a) {
    p += x;
    auto it = seen.find(p - K);
    if (it != seen.end()) cnt += it->second;
    seen[p]++;
}
```

यात दोन जागा बिघडतात. `seen[0] = 1` ही ओळ काढ आणि चालव, उत्तर दोन येईल. अ‍ॅरेच्या पहिल्या दिवसापासून सुरू होणारा तुकडा हरवतो. दुसरी जागा क्रमाची आहे. आधी `seen[p]++` करून मग शोधलं, तर `K` शून्य असताना आजचा आकडा स्वतःलाच सापडतो. `[5]` आणि `K = 0` वर उत्तर शून्य हवं, एक आलं तर क्रम उलटा झाला आहे. मुलाखतीत या दोन ओळींकडे बोट दाखवून "ही का?" असं विचारतात. "अशीच असते" हे उत्तर देऊ नकोस.

सराव १२. `a` आणि `b` यांचीच बनलेली स्ट्रिंग आहे. दोन्ही अक्षरं सारख्याच संख्येने असलेला सर्वांत लांब सलग तुकडा शोध. `"bbabab"` चं उत्तर चार. हा स्ट्रिंगचा प्रश्न दिसतो, म्हणून मुलं खिडकी लावायला जातात आणि अडकतात. पुढचं अक्षर घेतल्यावर तुकडा चांगल्याकडे जाईल की वाईटाकडे हे सांगता येत नाही, त्यामुळे `l` कधी हलवायचा हेच ठरत नाही. `a` ला +१ आणि `b` ला -१ मान. आता हा सराव ११ झाला, बेरीज शून्य हवी. फक्त मोजणी नको, लांबी हवी, म्हणून मॅपमध्ये प्रत्येक बेरीज पहिल्यांदा कुठे दिसली ती जागा ठेवायची आणि नंतर ती कधीच बदलायची नाही. बदललीस तर तुकडे आखूड होत जातील.

सराव १३. सर्वाधिक बेरीज देणारा सलग तुकडा. याचं पाठ केलेलं उत्तर तुला येत असेलच. ते बाजूला ठेव आणि वरच्या एकूण बेरजांवरून काढ: आजची एकूण बेरीज वजा आतापर्यंतची सर्वांत लहान एकूण बेरीज. सर्वांत लहान बेरजेची सुरुवात शून्याने, `best` ची सुरुवात शक्य तितक्या लहान आकड्याने, आणि दर फेरीला आधी `best` मग लहान बेरीज बदलायची. `[-3,-1,-2]` वर -१ आलं पाहिजे. शून्य आलं तर रिकामा तुकडा मोजला गेला आहे, आणि तो चालतो का हे प्रश्नातच ठरलेलं असतं.

सातवी पायरी: आपल्या शहराचं नाव उलटं

हा सराव यादीत क्वचितच सापडेल, पण अक्षरांच्या अ‍ॅरेबद्दलचा गैरसमज त्यातून निघतो.

सराव १४. "सोलापूर" ही स्ट्रिंग उलटी कर. आपण वाचतो चार अक्षरं: सो, ला, पू, र. आधी वहीत लांबी किती येईल ते लिही, मग छाप. सी प्लस प्लसमध्ये, फाइल यूटीएफ-८ असेल तर, `size()` २१ सांगतो. पायथनमध्ये `len` ७ सांगतो. दोन्ही बरोबर आहेत. युनिकोडमध्ये काना, मात्रा, उकार हे स्वतंत्र चिन्ह असतं, म्हणून स, ो, ल, ा, प, ू, र अशी सात चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं.

सी प्लस प्लसमध्ये `reverse(s.begin(), s.end())` केलं की बाइट उलटे होतात आणि हाती कचरा येतो, वाचण्याजोगं काहीच नाही. पायथनमध्ये `s[::-1]` केलं की चिन्हं उलटी होतात आणि "रूपालोस" येतं. उकार पुढच्या र ला चिकटला, मात्रा ल वर गेली. अपेक्षित होतं "रपूलासो". ते आणायचं तर आधी प्रत्येक व्यंजन आणि त्याला लागलेली चिन्हं यांचे गट पाडायचे, मग गट उलटे करायचे. "सोलापूर" पुरतं हे तू दुसऱ्या पायरीतल्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या पद्धतीने करू शकतोस. मग "अक्कलकोट" घे. त्यात क्क आहे, म्हणजे क, हलन्त, क अशी तीन चिन्हं, आणि तुझा गट पाडायचा नियम तिथे तुटेल. हलन्तानंतरचं व्यंजन त्याच गटात घ्यायचं, असा नियम वाढव.

सराव ४ मध्ये `isalnum` वापरला असशील तर तो कोडही आता देवनागरीवर चालवून पाहा. बऱ्याच कंपायलरमध्ये `char` ऋण असू शकतो आणि देवनागरीचे बाइट १२७ च्या वर असल्याने तिथे ऋण होतात. तसा आकडा `isalnum` ला थेट देणं नियमबाह्य आहे, `(unsigned char)` करून द्यावा लागतो. सराव ७ मधला २६ घरांचा मोजणीचा अ‍ॅरेही इथे उपयोगाचा नाही, `c - 'a'` अ‍ॅरेबाहेरच जाईल. म्हणून स्ट्रिंगचा कोणताही प्रश्न आला की पहिली ओळ लिहिण्याआधी विचारायचं: इनपुटमध्ये फक्त लहान इंग्रजी अक्षरं आहेत, की काहीही येऊ शकतं? "फक्त लहान अक्षरं" असं उत्तर आलं तर २६ घरं. "काहीही" आलं तर मॅप, आणि गट कसा मोजायचा ते समोरच्याशी बोलून ठरवायचं.

वेळेचं म्हणशील तर पहिल्या तीन पायऱ्या एका आठवड्यात उरक, पाचवी आणि सहावी मिळून दोन आठवडे घे. एखादा सराव झाला असं तेव्हा धर, जेव्हा दोन दिवसांनी कोऱ्या पानावर वीस मिनिटांत तो पुन्हा लिहिता येईल आणि तो मोडणारं एक उदाहरण स्वतःहून देता येईल. सराव ८ आणि ११ शेजारी शेजारी ठेवून मित्राला समजावून सांग. त्याने "मग इथे खिडकी का नाही चालत?" असं विचारलं आणि तू `[4,3,-6,1]` न बघता त्याच्या वहीत लिहून दाखवलंस, की सहावी पायरी झाली असं समज.